झोपेच्या पूरकांतील मात्रा

मेलाटोनिन हे मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून रात्री स्रवणारे संप्रेरक आहे. पूरकाच्या वेष्टनावर छापलेली त्याची मात्रा आणि प्रत्यक्ष मात्रा यांत मोठी तफावत आढळते. कॅनडातील ३१ उत्पादनांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ही तफावत ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के अधिक इतकी होती. या हिशेबाने ३ मिग्रॅ. लिहिलेल्या गोळीत सुमारे ०.५ ते १७ मिग्रॅ. मेलाटोनिन असू शकते. एकाच उत्पादनाच्या निरनिराळ्या बॅचमध्येही फरक आढळला. इतका अल्प घटक गोळीच्या इतर भुकटीत एकसारखा मिसळणे अवघड असते, हे त्याचे एक कारण आहे.

वनौषधींच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. तेथे अनेकदा क्रियाशील घटकाचे नव्हे, तर चूर्णाचे किंवा अर्काचे एकूण वजन छापलेले असते. उदाहरणार्थ, अश्वगंधेच्या ५०० मिग्रॅ. अर्कात विथॅनोलाइडे ५ टक्के असल्यास ती २५ मिग्रॅ. भरतात, तेवढ्याच मूळचूर्णात ०.३ टक्के असल्यास केवळ १.५ मिग्रॅ. त्यामुळे चूर्ण की अर्क आणि घटकाची टक्केवारी किती, हे पाहिल्याशिवाय दोन ब्रँडांची तुलना करता येत नाही. ही टक्केवारीही उत्पादकाचा दावा असतो. त्याची खातरजमा त्या बॅचच्या प्रयोगशाळेतील तपासणीनेच होते.