फोटोवरून ग्लुकोमीटर ओळखा, मगच पट्ट्या मागवा

विहारातील शिबिरात किंवा घरी साखर तपासायला मशीन असते, पण पट्ट्या संपतात. मग मशीनचा फोटो शहरातल्या मुलाला किंवा पुतण्याला व्हॉट्सअॅपवर जातो आणि पट्ट्या येतात त्या दुसऱ्याच. डबी उघडली की दुकानदार ती सहसा परत घेत नाही.

चूक फोटोतच असते. आपण समोरच्या बाजूचा फोटो काढतो आणि तिथे ठळक दिसते ते कंपनीचे नाव. पट्टी मात्र कंपनीवर नाही, मॉडेलवर ठरते.

समजा, समोर फक्त ‘अॅक्यु-चेक’ वाचता येते. या नावाने अॅक्टिव्ह आणि इन्स्टंट अशी दोन्ही मशीन मिळतात आणि एकाची पट्टी दुसऱ्यात चालत नाही. अॅक्टिव्हच्या पट्टीवर मधोमध चौकोन असतो. रक्ताचा थेंब त्यावर ठेवतात आणि मशीन त्याचा बदललेला रंग वाचते. इन्स्टंटची पट्टी टोकाच्या पिवळ्या कडेने रक्त ओढून घेते आणि मोजणी विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर होते. पद्धतच वेगळी असल्याने अदलाबदल शक्य नाही.

म्हणून दोन फोटो पाठवा. पहिला मशीनच्या पाठीवरच्या लेबलचा. लेबल चकाकते, त्यामुळे फ्लॅश बंद ठेवून खिडकीजवळ फोटो काढा आणि पाठवण्यापूर्वी अक्षरे मोठी करून वाचून पाहा. दुसरा, पट्ट्यांच्या जुन्या रिकाम्या डबीचा. डबीवरचे पूर्ण नाव हीच सर्वात खात्रीची खूण. डबी टाकून दिली असेल, तर पाठीवरचे मॉडेलचे नाव नव्या खोक्यावरील ‘या मशीनसाठी’ या यादीत आहे का, ते दुकानातच पाहायला सांगा.

काही जुन्या मशीनमध्ये पट्ट्यांच्या डबीसोबत छोटी कोड चिप येते. नवी डबी उघडली की तिच्यातलीच चिप बसवायची आणि स्क्रीनवरचा आकडा डबीवरच्या कोडशी जुळतो का, ते पाहायचे. पट्टी बरोबर असूनही कोड जुना राहिला, तर साखरेचा आकडा चुकीचा येऊ शकतो आणि तो चुकीचा आहे हे कळतही नाही.

परदेशातून आलेल्या मशीनचा फोटो असेल, तर स्क्रीनवरचे एककही पाहा. आपल्याकडे mg/dL चालते, काही देशांत mmol/L. तिथले 7 म्हणजे आपले सुमारे 126. घरच्या माणसाने 7 पाहून साखर फार उतरली असे समजून गूळ भरवला, तर उलटाच त्रास व्हायचा.

फोटोतून एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे पट्ट्या चांगल्या आहेत की नाहीत. मुदत डबीवर वाचा, झाकण लगेच घट्ट लावा आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका. आकडा अनपेक्षित आला तर हात साबणाने धुऊन, कोरडे करून नव्या पट्टीवर पुन्हा तपासा. तरीही तसाच आला, किंवा घाम, थरथर, गुंगी असेल, तर मशीनशी वाद न घालता लगेच डॉक्टरांकडे जा.