साहेबांचा वाढदिवस आणि अप्रेझलचा महिना

वरिष्ठाला पाठवलेल्या वाढदिवसाच्या संदेशातली स्तुती खोटी वाटते, ती बहुतेक वेळा शब्दांमुळे नव्हे तर पाठवणाऱ्याच्या जागेमुळे. शाळेतल्या मित्राने ‘तुझ्यासारखा माणूस विरळा’ असे लिहिले तर वाचणारा सुखावतो. तेच वाक्य हाताखालच्या माणसाने लिहिले आणि त्याची वार्षिक श्रेणी ठरवणे वाचणाऱ्याच्या हाती असले, तर त्या वाक्यामागे काय दडले आहे याचा विचार आधी होतो. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचे वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि पगारवाढीचे आकडे त्याच सुमारास ठरतात. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये वाढदिवस येणाऱ्या साहेबांच्या वाट्याला सर्वांत गोड संदेश येतात आणि त्यांवर विश्वासही सर्वांत कमी बसतो.

या पेचाची शास्त्रशुद्ध मांडणी अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स यांनी १९६४ साली ‘इन्ग्रॅशिएशन’ या पुस्तकात केली. खुशामत करणाऱ्याची अडचण त्यांनी अशी दाखवली : समोरच्याची मर्जी मिळवण्याची गरज जितकी मोठी, तितकी ती समोरच्यालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच स्तुतीचा परिणाम घटत जातो. ज्याला काहीच नको आहे त्याची स्तुती सहज पटते. ज्याला श्रेणी, बढती किंवा बदली हवी आहे त्याने केलेली तीच स्तुती संशयाच्या गाळणीतून जाते.

तरीही खुशामत नेहमी वायाच जाते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. एलेन चॅन आणि जयदीप सेनगुप्ता यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुकानाच्या जाहिरातीतली स्तुती हेतुपुरस्सर आहे हे वाचणाऱ्यांना कळत होते, तरी त्या दुकानाबद्दलचे अनुकूल मत मनाच्या एका कोपऱ्यात शिल्लक राहिले. स्वतःबद्दलचे चांगले शब्द माणसाला सहसा खरेच वाटतात. मस्का लावलेला साहेबांना आवडण्याची शक्यता म्हणूनच असतेच.

नुकसान होते ते दुसरीकडे. डच मानसशास्त्रज्ञ रूस व्हॉन्क यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की वरिष्ठांशी गोड आणि कनिष्ठांशी फटकून वागणारा माणूस पाहणाऱ्यांच्या मनातून फार लवकर उतरतो. त्याच्या वागण्याचा संशय घ्यायला थोडासा पुरावाही पुरतो. आता कार्यालयाचा व्हॉट्सअॅप गट डोळ्यांसमोर आणावा. तिथला संदेश साहेब एकदा वाचतात, पण बाकीचे पंधरा-वीस जण तो वाचून एकमेकांना दाखवतात. ‘लागला मस्कापॉलिश करायला’ हा शेरा गटात कोणी लिहीत नाही, तो चहाच्या टपरीवर येतो. उद्या याच सहकाऱ्यांच्या मदतीवर काम अवलंबून असते, आणि अनेक कंपन्यांत मूल्यमापनासाठी त्यांचेही मत विचारले जाते.

खोटेपणा ओळखू येतो त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पहिली खूण म्हणजे माणसाला चिकटवलेली विशेषणे. ‘दूरदृष्टीचे’, ‘कणखर’, ‘मायाळू’ हे शब्द कोणत्याही साहेबांना लागू पडतात. वरचे नाव बदलून तोच संदेश दुसऱ्या विभागात पाठवला तरी चालतो. दुसरी खूण म्हणजे पाठवणाऱ्याला माहीत असणे शक्य नाही असा दावा. दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेल्या माणसाने ‘आपल्यासारखे नेतृत्व या क्षेत्रात दुसरे नाही’ असे लिहिले, तर त्याने असे किती नेते पाहिले हा प्रश्न उभा राहतो. तिसरी खूण म्हणजे भाषेने अचानक घातलेला जरीचा फेटा. रोज ‘सर, तुम्ही बघता का जरा?’ असे बोलणारा माणूस वाढदिवसाला ‘आपल्या चरणी’ लिहू लागला, की कान टवकारले जातात. चौथी खूण म्हणजे मागच्या वर्षाशी न जुळणारा सूर : गेल्या वर्षी फक्त केकचे चित्र पाठवले आणि यंदा आठ ओळी लिहिल्या, मधे बदलले ते एवढेच की आता श्रेणी याच साहेबांकडे आहे.

रूढ वाक्ये मात्र या खुणांत मोडत नाहीत. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, ‘उत्तम आरोग्य लाभो’, ‘जीवेत शरदः शतम्’ ही वाक्ये शिष्टाचाराची आहेत. त्यांतून कोणी माहिती घेत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाहीत. रूढ वाक्य सोडून स्वतःचे काही सांगायला जावे तेव्हाच खरे-खोटे तपासले जाते. संदेश म्हणून दोनच प्रकारे सुरक्षित राहतो : एक तर तो पूर्ण रूढ असावा, नाही तर त्यातली स्वतःची भर खरी आणि नेमकी असावी. घसरगुंडी होते ती या दोहोंच्या मधल्या, अर्धवट साहित्यिक जागेत.

एक नमुना तपासून पाहता येईल. समजा, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या गुणवत्ता विभागातल्या एका अभियंत्याच्या साहेबांचा वाढदिवस १८ मार्चला येतो आणि श्रेणी महिनाअखेरीस भरायच्या आहेत. अभियंत्याचा पहिला मसुदा असा :

‘आदरणीय सर, आपण केवळ बॉस नाही तर आमचे दीपस्तंभ आहात. आपल्यासारखे कणखर आणि तितकेच मायाळू नेतृत्व मी आजवर पाहिले नाही. आज मी जो काही आहे तो फक्त आपल्यामुळेच. आपले आशीर्वाद असेच पाठीशी राहोत. वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!’

यातला ‘दीपस्तंभ’ पहिल्याच वाचनात निकालात निघतो, कारण निरोप समारंभाच्या भाषणांत तो इतका वापरला गेला आहे की आता त्यातून कोणाचाच चेहरा दिसत नाही. ‘आजवर पाहिले नाही’ हा दावा तपासता येत नाही. ‘जो काही आहे तो फक्त आपल्यामुळेच’ हे तर उघड असत्य आहे. अभियंत्याचे आईवडील, शिक्षक आणि स्वतःची मेहनत एका ‘फक्त’ने पुसली गेली, आणि हे साहेबांनाही कळते. ‘आशीर्वाद असेच पाठीशी राहोत’ हे एरवी रूढ वाक्य, पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ते अर्जासारखे वाचले जाते. उरतात त्या शुभेच्छा, आणि त्याही ‘कोटी कोटी’च्या ओझ्याखाली.

आता विशेषणाच्या जागी घटना शोधायची. ऑक्टोबरमध्ये ग्राहकाने एक लॉट परत पाठवला होता. मोजमापाच्या गेजची तपासणीची मुदत उलटून गेली होती आणि चूक एका कनिष्ठ ऑपरेटरच्या माथी मारणे सोपे होते. साहेब त्या दिवशी दुसऱ्या पाळीला थांबून माल निवडण्याच्या कामात उभे राहिले आणि ग्राहकाच्या बैठकीत त्यांनी कोणाचेही नाव पुढे केले नाही. ‘कणखर आणि मायाळू’ या दोन शब्दांना जे सांगायचे होते ते या एका घटनेत आले. दुरुस्त संदेश असा होतो :

‘सर, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. ऑक्टोबरमध्ये लॉट परत आला तेव्हा तुम्ही दुसऱ्या पाळीला थांबलात आणि ग्राहकासमोर कोणाचंच नाव पुढे केलं नाही, हे लक्षात राहिलंय. आजचा दिवस घरच्यांबरोबर छान जावो.’

हा संदेश खरा वाटतो, कारण तो दुसऱ्या कोणाला पाठवता येत नाही आणि त्या पाळीला हजर असलेला कोणीही त्याला दुजोरा देईल. शिवाय घटनेचा लाभ पाठवणाऱ्याला झालेला नाही, तिसऱ्याला झाला आहे. त्यामुळे देवाणघेवाणीचा वास येत नाही. याच वाक्यात ‘तेव्हा आपण दोघांनी मिळून ती वेळ निभावली’ अशी भर घातली असती, तर सगळे बिघडले असते. स्वतः केलेले काम स्वमूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये लिहायचे असते, शुभेच्छांच्या आडून नाही.

हा मजकूर गटात टाकण्यासारखा नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. परत आलेल्या लॉटची आठवण चारचौघांत निघाली, तर त्या ऑपरेटरलाच अवघडल्यासारखे होईल. गटात ‘सर, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे पुरते. घटनेचा उल्लेख व्यक्तिगत संदेशात, नाही तर समोरासमोर करावा. दोन्हीकडचा सूर फार वेगळा नसावा. गटात सर्वांत लांब संदेश आपला दिसत असेल, तर तो निम्म्याने कापावा.

तारखेचीही खात्री करावी. जुन्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लावून टाकली, आणि कार्यालयाच्या यादीत तीच राहिली. अशा साहेबांना कागदावरच्या तारखेला भावविवश संदेश गेला, तर जिव्हाळ्याचा दावा तिथेच उघडा पडतो. त्या दिवशी रूढ दोन ओळी बऱ्या.

सांगण्यासारखी चांगली घटना आठवतच नसेल, किंवा साहेबांशी संबंध ताणलेले असतील, तेव्हाही रूढ वाक्यच योग्य. शिष्टाचार पाळल्याचे समाधान त्यात असते आणि खोटे बोलावे लागत नाही. वर्षभर भांडण आणि एका सकाळी प्रेमाचा पूर, हे कोणालाच पटत नाही. काही साहेबांना मात्र स्तुती लागतेच आणि ती मोजलीही जाते. अशा ठिकाणी प्रांजळ संदेशाने श्रेणी वाढेल याची हमी नाही. त्याने एवढेच होते की पुढच्या वर्षी याहून मोठे विशेषण शोधावे लागत नाही.

श्रेणीचे म्हणाल, तर अनेक मोठ्या कंपन्यांत साहेबांना आपण दिलेली श्रेणी इतर व्यवस्थापकांच्या बैठकीत उदाहरणे देऊन पटवावी लागते. सरकारी नोकरीत प्रतिवेदन अधिकाऱ्याने लिहिलेला अहवाल पुनर्विलोकन अधिकाऱ्याकडे जातो, आणि देवदत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असा निर्णय दिला. या टप्प्यांवर कामाचा पुरावा लागतो, वाढदिवसाचा संदेश तिथे कोणी मांडत नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी एकच कसोटी लावावी : याच साहेबांची उद्या दुसरीकडे बदली झाली, तरी हा संदेश असाच पाठवला असता का? उत्तर ‘नाही’ आले, तर ज्या वाक्यामुळे ते आले ते वाक्य खोडावे.