तक्ता गायब, तरी नोंदी पक्क्या

बारावी वाणिज्य किंवा सीएच्या पहिल्या परीक्षेच्या सराव प्रश्नांत एक अडचण वरचेवर येते. कंपनीने शेअर काढले, मागणीपेक्षा जास्त अर्ज आले, वाटप कसे झाले ते ‘खालील तक्त्यात’ दिले आहे, असे प्रश्न सांगतो. पण तक्ता चित्राच्या रूपात होता आणि प्रत काढताना ते चित्र गळून पडले. मुले मग एक तर प्रश्न सोडून देतात, नाहीतर अंदाजाने सरासरी प्रमाण धरतात. यांतला दुसरा मार्ग जास्त घातक आहे, कारण चुकीचे उत्तरही नावे-जमेला अगदी बरोबर जुळते. हे एका काल्पनिक कंपनीच्या आकड्यांवरून नीट पाहू.

कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीचे २०,००० शेअर २ रुपये प्रीमियमने काढले. पैसे असे मागितले: अर्जासोबत ३ रुपये, वाटपाच्या वेळी ५ रुपये (त्यात २ रुपये प्रीमियम) आणि एकाच अखेरच्या हप्त्यात ४ रुपये. अर्ज ३२,००० शेअरसाठी आले. काहींना मागितले तेवढे शेअर मिळाले, काहींना एकाच प्रमाणात कमी मिळाले, काहींना काहीच मिळाले नाही. तक्ता नाही, मजकुरात फक्त दोन गोष्टी उरल्या आहेत. नाकारलेल्या अर्जदारांना १२,००० रुपये परत केले. आणि कमी शेअर मिळालेल्या गटातल्या एकाने ६०० शेअर मागितले होते, त्याला ४०० मिळाले. त्याने वाटपाची रक्कम व हप्ता भरला नाही, म्हणून त्याचे शेअर जप्त झाले.

एवढ्यावर तक्ता पुन्हा उभा राहतो. परत केलेल्या १२,००० रुपयांना अर्जाच्या ३ रुपयांनी भागा: ४,००० शेअरचे अर्ज नाकारले गेले. उरलेल्या २८,००० शेअरच्या अर्जांवर २०,००० शेअर दिले, म्हणजे ८,००० शेअरची मागणी पुरी झाली नाही. ही तूट सगळी कमी मिळालेल्या गटाची आहे. त्या गटात ६०० मागणाऱ्याला ४०० मिळाले, म्हणजे दर तीन मागितलेल्या शेअरमागे एक कमी. तेव्हा ८,००० च्या तिप्पट, २४,००० शेअरचे अर्ज त्या गटाचे होते आणि त्यांना १६,००० शेअर मिळाले. राहिलेले ४,००० अर्ज पूर्ण मंजूर झाले. ४,००० आणि १६,००० मिळून २०,००० होतात.

आता रोजकीर्द. अर्जांचे पैसे आले तेव्हा बँक खाते ९६,००० ने नावे, अर्ज खाते तेवढ्यानेच जमा. वाटप ठरल्यावर हे ९६,००० तीन वाटांना जातात:

अर्ज खाते नावे ९६,०००
शेअर भांडवल खाते जमा ६०,०००
वाटप खाते जमा २४,०००
बँक खाते जमा १२,०००

मधले २४,००० म्हणजे न मिळालेल्या ८,००० शेअरचे अर्जाचे पैसे. ते परत न देता कंपनीने पुढच्या येण्यात धरले. त्यानंतर वाटपाची मागणी: वाटप खाते १,००,००० ने नावे, भांडवल ६०,००० ने जमा, प्रीमियम खाते ४०,००० ने जमा. बँकेत येण्याची रक्कम मात्र १,००,००० वजा २४,०००, म्हणजे ७६,००० उरते.

त्यातून थकबाकीदाराचे वजा करायचे. ४०० शेअरवर त्याच्याकडून २,००० येणे होते. पण २०० जादा शेअरच्या अर्जाचे ६०० रुपये कंपनीकडे आधीच जमा होते. म्हणून त्याची थकबाकी १,४०० आणि बँकेत प्रत्यक्ष ७४,६०० आले. अखेरच्या हप्त्याचे ८०,००० मागितले; त्याचे १,६०० राहिल्याने ७८,४०० मिळाले.

जप्तीची नोंद इथून सरळ निघते:

शेअर भांडवल खाते नावे ४,०००
प्रीमियम खाते नावे ८००
वाटप खाते जमा १,४००
अखेरचा हप्ता खाते जमा १,६००
जप्त शेअर खाते जमा १,८००

यातले १,८०० म्हणजे त्याने ६०० शेअरच्या अर्जासोबत भरलेले तीन-तीन रुपये. प्रीमियमच्या ८०० बद्दल मुलांचा हमखास गोंधळ होतो. त्याचे जादा ६०० रुपये आधी भांडवलाकडे धरतात, आणि वाटपातल्या भांडवलाच्या १,२०० लाही ते पुरत नाहीत. म्हणून प्रीमियमचा एकही रुपया त्याच्याकडून आलेला नाही. आला नाही तो रद्द करायचा. आला असता, तर जप्ती झाली तरी त्या खात्याला हात लावायचा नसतो. कंपनी कायदा २०१३ चे कलम ५२ त्या रकमेचा वापर मोजक्याच कामांपुरता ठेवते.

आता अंदाजाचा रस्ता पाहा. एखाद्याने एकूण ३२,००० ला २०,००० असे आठास पाच प्रमाण सर्वांना लावले, तर ४०० शेअर मिळवणाऱ्याने ६४० मागितले असे निघेल. जादा रक्कम ७२०, थकबाकी १,२८० आणि जप्त रक्कम १,९२०. नावेच्या ४,८०० समोर १,२८०, १,६०० आणि १,९२० यांची बेरीज ४,८०० च येते! तेरीज जुळते आणि चूक आत दडून राहते. ती पकडते बँक: या हिशेबाने परत द्यायचे पैसे शून्य निघतात, पण १२,००० तर बँकेतून गेले आहेत.

चूक पुढेही वाहत जाते. समजा, जप्त शेअरपैकी ३०० शेअर पूर्ण भरणा झालेले म्हणून ९ रुपयांना पुन्हा विकले. बँक २,७०० ने नावे, जप्त शेअर खाते ३०० ने नावे, भांडवल ३,००० ने जमा. जप्त रक्कम दर शेअरमागे साडेचार रुपये पडते, तेव्हा सूटही त्याहून जास्त देता येत नाही. ३०० शेअरचे १,३५० होतात. त्यातून सुटीचे ३०० वजा जाता १,०५० भांडवली राखीव खात्याला जातात. उरलेल्या १०० शेअरचे ४५० जप्त शेअर खात्यातच राहतात आणि ताळेबंदात भरणा झालेल्या भांडवलात मिळवून दाखवतात. अंदाजाच्या हिशेबात राखीव १,१४० निघते, म्हणजे ९० रुपयांचा नफा जो झालेलाच नाही.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. परत केलेल्या रकमेचा उल्लेखही गळाला, तर तक्ता नेमका सांगता येत नाही. ३,००० शेअर नाकारले, २७,००० वर १८,००० दिले आणि २,००० पूर्ण दिले, तरी एकूण तेच भरते. अशा वेळी अर्ज खात्याची विभागणी आणि वाटपाचे बँकेतले येणे लिहिताना गृहीतक स्पष्ट नोंदवावे. जप्तीची नोंद मात्र तशीच राहते, कारण ती फक्त त्या भागधारकाच्या ६०० आणि ४०० वर उभी आहे.

खऱ्या कंपनीत या अडचणीला जागा नसते. वाटप झाल्यावर पीएएस-३ या नमुन्यात वाटपाची माहिती शेअर मिळालेल्यांच्या यादीसह कंपनी निबंधकाकडे द्यावी लागते, आणि सभासद नोंदवहीही असते. जप्तीआधीही थकबाकीदाराला नोटीस द्यावी लागते. कायद्याच्या नमुना नियमावलीत, म्हणजे तक्ता एफमध्ये, तिची मुदत किमान १४ दिवसांची आहे. सराव प्रश्नात यांतले काही हाताशी नसते. म्हणून रोजकीर्दीला हात लावण्यापूर्वी मजकुरातला प्रत्येक रुपया आणि प्रत्येक शेअर कोणत्या गटाचा, हे कच्च्या कागदावर मांडून घ्यावे आणि बँकेच्या आकड्याशी पडताळावे.