एक्सेलने गिळलेले अठ्ठेचाळीस तास

शनिवारी संध्याकाळी छोट्या कारखान्यांतून आठवड्याच्या हजेरीची बेरीज होते. समजा, एक कामगार रोज सकाळी नऊला कामावर येतो आणि संध्याकाळी सहाला जातो. मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. म्हणजे दिवसाचे साडेआठ तास आणि सहा दिवसांचे ५१. हिशेबनीस एक्सेलमध्ये सहाही दिवसांचे तास मांडतो, खाली बेरजेचे सूत्र देतो, आणि उत्तर येते `3:00`. तीन तास!

सूत्र तपासले तर ते बरोबर असते. रोजचे आकडेही बरोबर असतात. मग उरलेले ४८ तास गेले कुठे?

ते कुठेही गेलेले नसतात. एक्सेल वेळ साठवतो ती दिवसाच्या हिशेबात. २४ तास म्हणजे १, बारा तास म्हणजे ०.५, सहा तास म्हणजे ०.२५. आपल्या कामगाराचे ५१ तास त्याच्या लेखी २.१२५ दिवस असतात. मात्र त्या सेलला `h:mm` हे फॉरमॅट असेल, तर ती रक्कम घड्याळातली वेळ म्हणून दाखवली जाते. घड्याळाला पूर्ण दिवसांशी देणेघेणे नसते, म्हणून २ बाजूला पडतो. उरलेल्या ०.१२५ दिवसाचे तीन तास तेवढे पडद्यावर येतात.

दिवसागणिक बेरीज पाहिली की ही गफलत नेमकी कुठे सुरू होते ते दिसते. सोमवारी 8:30, मंगळवारी 17:00, इथपर्यंत सगळे ठीक. बुधवारी एकूण साडेपंचवीस तास होतात आणि पडद्यावर येते 1:30. गुरुवारी 10:00, शुक्रवारी 18:30 आणि शनिवारी 3:00. रोजचे तास कधीच चोवीसच्या वर जात नसल्याने वरच्या ओळींत खोट दिसत नाही. ती फक्त बेरजेत उमटते.

या उदाहरणात आणखी एक धोका आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम ठरवला. ४८ तास म्हणजे बरोबर दोन दिवस. त्यामुळे पडद्यावरचे `3:00` आणि कामगाराचा खरा ओव्हरटाइम इथे योगायोगाने सारखेच निघतात. पाहणाऱ्याला वाटावे, हा ओव्हरटाइमचाच आकडा आहे. आणि चूक तशीच पुढे सरकते.

शंका आली तर खात्री करणे सोपे आहे. बेरजेच्या सेलचे फॉरमॅट क्षणभर `General` करावे. `2.125` दिसले, तर तास शाबूत आहेत आणि बदलायचे आहे ते फक्त दाखवणे. त्याच सेलवर `Ctrl+1` दाबावे, `Number` टॅबमधले `Custom` निवडावे आणि `Type` च्या चौकटीत हे लिहावे:

```
[h]:mm
```

`h` भोवतीचा चौकोनी कंस एक्सेलला सांगतो, की चोवीसला थांबू नकोस, तास मोजत राहा. लगेच `51:00` दिसते. गूगल शीट्समध्ये हेच काम `Format`, मग `Number`, मग `Duration` निवडून होते.

पण हे फॉरमॅट त्या एका सेलपुरतेच. तोच आकडा पगाराच्या चिठ्ठीवरच्या वाक्यात `TEXT` सूत्राने जोडला असेल, तर त्या सूत्रातही कंस द्यावा लागतो. तिथे `"h:mm"` राहिले, तर बेरजेत ५१ तास दिसत असूनही चिठ्ठीवर तीनच छापले जातात.

```
=TEXT(E8,"[h]:mm")
```

पगार काढताना आणखी सांभाळावे लागते. तासाला १०० रुपये दर असेल आणि `E8` ला थेट शंभराने गुणले, तर उत्तर येते २१२ रुपये ५० पैसे, कारण आतला आकडा दिवसांचा आहे. आधी चोवीसने गुणून त्याचे तास करायला हवेत:

```
=E8*24*100
```

आता ५,१०० रुपये येतात. या उत्तराच्या सेलला मात्र वेळेचे नव्हे, साध्या संख्येचे फॉरमॅट हवे. ओव्हरटाइमच्या तीन तासांचे जादा ३०० रुपये त्यात वेगळे मिळवायचे.

बेरीज `0:00` आली, तर दुखणे निराळे. तेव्हा बहुतेक वेळा वेळा मजकूर म्हणून टाइप झालेल्या असतात आणि `SUM` मजकूर मोजत नाही. अशा नोंदी सहसा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात. तिथे `[h]:mm` चा उपयोग नाही. त्या वेळा नव्यानेच भराव्या लागतात.

ज्यांच्या हातात हजेरीची फाइल आहे, त्यांनी पुढच्या पगाराआधी बेरजेच्या सेलचे फॉरमॅट एकदा उघडून पाहावे. तिथे `h` भोवती कंस नसेल, तर मागच्या आठवड्यांचे हिशेबही पुन्हा तपासावेत. कामगाराने केलेल्या प्रत्येक तासाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत.