सात रानम्हशी, हिशेबात साडेतीन

रायपूरच्या दक्षिणेला, ओडिशाच्या सीमेला लागून उदंतीचे अभयारण्य आहे. आज ते गरियाबंद जिल्ह्यात येते, पूर्वी रायपूर जिल्ह्यातच होते. छत्तीसगडचा राज्यप्राणी असलेल्या रानम्हशीचा हा जुना आसरा. तिथले लोक तिला वनभैंसा म्हणतात. २००७ साली तिथे मोजणी झाली, तेव्हा सात जनावरे शिल्लक होती. त्यांतले सहा रेडे होते आणि म्हैस एकच. तिचे नाव आशा.

वंशाच्या हिशेबात मात्र हे सात, सात नव्हते. पुढच्या पिढीतल्या प्रत्येक पारडाला निम्मा वारसा बापाकडून आणि निम्मा आईकडून मिळतो. आई एकच असेल, तर बाप कितीही असले तरी तो निम्मा भाग एकाच जनावरातून येणार. म्हणून आनुवंशिकीचे अभ्यासक डोकी मोजून थांबत नाहीत, ते ‘प्रभावी संख्या’ काढतात. नर आणि माद्या यांचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि एकूण बेरजेने भागायचे. उदंतीत सहा गुणिले एक गुणिले चार म्हणजे चोवीस, भागिले सात, म्हणजे साधारण ३.४. याचा अर्थ असा की वैविध्य गमावण्याच्या दृष्टीने ही सात जनावरे जेमतेम साडेतीन जनावरांइतकीच होती. सहाऐवजी साठ रेडे असते तरी हा आकडा चारच्या पुढे गेला नसता. कळप वाढवायचा तर माद्या हव्यात, हे गुराख्यालाही ठाऊक असते, पण एका मादीमुळे किती घट्ट गाठ बसते ते या भागाकारात दिसते.

प्रभावी संख्या दुप्पट करून एकाला तिने भागले, की दर पिढीला किती वैविध्य गळते ते समजते. इथे ते सुमारे १५ टक्के येते. शिवाय आशाची सगळी पिल्ले एकमेकांची किमान सावत्र भावंडे. दोन सावत्र भावंडांच्या पोटी जे पारडू येईल, त्याच्या कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीतून आलेल्या असण्याची शक्यता आठात एक असते. आई आणि मुलगा एकत्र आले तर ती चारात एक. एरवी एका सदोष प्रतीला दुसरी निरोगी प्रत झाकून घेते. दोन्ही प्रती सारख्याच झाल्या की झाकायला कुणी उरत नाही, आणि पिल्ले दगावणे, वीर्य कमकुवत होणे, रोगाला बळी पडणे असे परिणाम दिसू लागतात.

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्ष जनावरात तपासायचा कसा? रानातल्या रेड्याचे रक्त काढणे जिकिरीचे असते, म्हणून बहुतेकदा ताजे शेण गोळा करतात. त्याच्या वरच्या थरात आतड्याच्या पेशी असतात आणि त्यांतून डीएनए मिळतो. डीएनएमधल्या काही ठरावीक जागांवर जनावराकडे दोन वेगळ्या प्रती आहेत की एकसारख्या, ते पाहतात. इथे एक मोठी फसगत होते. शेणातला डीएनए उन्हापावसाने तुटलेला असतो, त्यामुळे दोनपैकी एक प्रत चाचणीत कधीकधी उमटतच नाही. मग वेगळ्या प्रती असलेले जनावरही एकसारख्या प्रतींचे वाटते आणि कळप असतो त्याहून अधिक सगोत्र दिसतो. म्हणून एकाच नमुन्यावर तीच चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. कधी दोन प्रती आणि कधी एकच दिसली, की नमुना खराब असल्याचे कळते.

चांगले रक्त मिळाले तर संपूर्ण जनुकसंच वाचता येतो, आणि तिथे खरी नवलाची गोष्ट दिसते. आईकडून आलेला आणि बापाकडून आलेला धागा जिथे अक्षरशः एकसारखा असतो, असे पट्टे मोजता येतात. नाते जितके अलीकडचे तितके पट्टे लांब, कारण पिढ्यान्‌पिढ्या हे धागे तुटून पुन्हा जुळत असतात. दोन पिढ्यांपूर्वीच्या सामाईक पूर्वजाकडून आलेला पट्टा सरासरी अडीच कोटी अक्षरांचा असतो, तर पंचवीस पिढ्यांपूर्वीचा वीस लाखांच्या आसपास. कळप कालपरवा आक्रसला की शतकापूर्वीपासूनच लहान होता, हे एका जनावराच्या रक्तातून असे सांगता येते.

आशाच्या बहुतेक वेतांत रेडेच झाले. तिचा वंश राखायला कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत क्लोनिंगचा प्रयोग झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये दीपआशा जन्मली. पुढे तिला नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणले. ती गावच्या मुऱ्हा म्हशीसारखी दिसते, असा आक्षेप घेतला गेला. तो तपासण्याची रीत सरळ आहे: आशाच्या राखलेल्या नमुन्याशी पेशीकेंद्रातल्या खुणा ताडून पाहायच्या. खरा क्लोन असेल तर सगळ्या जुळतील. पेशीतल्या मायटोकॉण्ड्रियाचा डीएनए मात्र जुळणार नाही, कारण तो ज्या म्हशीचे बीजांड वापरले तिचा असतो. पण माझ्या मते मूळ अडचण वेगळीच आहे. क्लोन अस्सल ठरला तरी त्याने वैविध्यात कणभरही भर पडत नाही. आशाच्या मुलाशी दीपआशाची जोडी जमवणे म्हणजे आई आणि मुलाचीच जोडी. आशा २०२० साली गेली, पण आकडेमोडीत ती एकच आई कायम राहिली.

वैविध्य बाहेरूनच आणावे लागते. अमेरिकेत फ्लोरिडाचे पँथर वीस-तीसवर आले होते. त्यांच्या शेपट्या वाकड्या होत्या आणि अनेक नरांचे वृषण खाली उतरलेले नव्हते. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या सोडल्या. त्यांतल्या पाच व्याल्या, आणि पुढच्या काही वर्षांत संख्या तिप्पट झाली, दोषही कमी झाले. उलट, तिथल्याच आइल रॉयल बेटावरच्या लांडग्यांत १९९७ साली एकच नर बर्फावरून चालत आला. त्याची पिल्ले इतकी सशक्त निघाली, की थोड्याच पिढ्यांत जवळपास सगळा कळप त्याचा वंशज झाला आणि पुन्हा सगोत्र होऊन कोसळला. पाहुणा एकदाच आणून भागत नाही.

छत्तीसगडने आसामच्या मानसमधून जनावरे आणली: २०२० मध्ये एक नर आणि एक मादी, २०२३ मध्ये चार माद्या. ती बारनवापारा अभयारण्यात ठेवली. आता तोच भागाकार इथे करून पाहा. एक नर, पाच माद्या: वीस भागिले सहा, म्हणजे ३.३. आसामच्या नराशीच या माद्या जोडल्या तर नवा कळप उदंतीइतकाच अरुंद पायावर उभा राहील, आणि मध्य भारतातल्या वंशाला त्याचा काही उपयोगही होणार नाही. उदंतीच्या निरनिराळ्या रेड्यांशी त्या जोडल्या तर चित्र पालटते. पहिल्या पिढीची पारडे सगोत्र नसतील. रेडे सावत्र भाऊ आणि माद्या परक्या धरल्या, तर त्या पारडांच्या पुढच्या जोड्यांतही दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता आठात एकवरून बत्तिसात एकवर येते. त्यासाठी प्रत्येक रेड्याची पाळी ठरवून द्यावी लागेल, नाहीतर दांडगा एकटाच सगळ्या माद्या गाठेल.

या संकराला विरोधही झाला आणि वाद उच्च न्यायालयात गेला. ब्रह्मपुत्रेच्या ओल्या गवताळ रानातली जनावरे आणि साल-बांबूच्या कोरड्या रानातली जनावरे दीर्घकाळ वेगळी राहिली असतील, तर त्यांच्या मिश्रणाने स्थानिक जुळवणूक बिघडू शकते. ही शंका रास्त आहे. हा बिघाड पहिल्या पिढीत सहसा दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत जनुकांच्या जुन्या जोड्या फुटल्यावर दिसते. म्हणून दुसऱ्या पिढीची किती पारडे जगतात, याची नोंद होईपर्यंत कळपाचा काही भाग मिसळू न देता ठेवावा लागतो.

जवळचा स्रोत इंद्रावतीकाठी आहे. बस्तरमधला इंद्रावती व्याघ्र प्रकल्प आणि नदीपलीकडे गडचिरोलीतले कोलामार्का, जे महाराष्ट्राने २०१३ साली रानम्हशींसाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित केले, या पट्ट्यात रानम्हशी दोन्ही तीरांवर वावरतात. त्या मध्य भारतातल्याच, त्यामुळे आसामपेक्षा त्यांच्याकडे आधी वळावे असे मला वाटते. पण नक्षलग्रस्त दुर्गम रानात जनावर पकडणे वर्षानुवर्षे अवघड राहिले आहे, आणि तिथल्या माद्या नेल्या तर तो कळपही दुबळा होईल. शिवाय गावातली म्हैस त्या वंशात कितपत मिसळली आहे, ते आधी पाहावे लागेल. रानरेडा गावच्या म्हशीवर गेला तर रानातला वारसा गावात जातो, त्याने रान बिघडत नाही. गावचा रेडा रानम्हशीवर गेला तर बिघडते. उदंतीत आशाला कुंपणात ठेवण्यामागे हेही एक कारण होते. कोलामार्कातले शेण गोळा करून हे तपासता येईल, आणि त्यासाठी एकही जनावर पकडावे लागणार नाही.