अॅक्सेस मागायचा, पण नेमका किती?

नवीन अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह रुजू झाली की आयटी विभागाला बहुतेक वेळा एका ओळीची मेल जाते : ‘आधीच्या माणसाला होते तेच सगळे अॅक्सेस हिलाही द्यावेत.’ ओळ साधी दिसते, म्हणून तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. पण आधीच्या माणसाने नोकरीत तीन-चार वेळा काम बदललेलं असतं. दर वेळी नवा अॅक्सेस मिळाला आणि जुना काढायचा राहून गेला. तो सगळा गठ्ठा पहिल्याच आठवड्यात नव्या मुलीच्या नावावर चढतो, आणि यातलं कुठलं कशासाठी दिलं हे ना अकाउंट्सला सांगता येतं, ना आयटीला. म्हणून हे विनंतीपत्र नीट लिहायला हवं.

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात कुणाला कोणती स्क्रीन उघडेल, कोणत्या प्लँटचं काम करता येईल, नोंद करता येईल की नुसतं पाहता येईल, हे ‘रोल’ ठरवतो. रोल नवा असो वा जास्तीचा, तो मागताना या तिन्ही गोष्टी सांगाव्या लागतात.

पुण्याजवळच्या एमआयडीसीतला, दोन प्लँट असलेला आणि सॅप वापरणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. नव्या एक्झिक्युटिव्हला सुरुवातीला दोन रोल मिळाले. एक, पुरवठादारांची खाती पाहण्याचा. दुसरा, नवा पुरवठादार सिस्टिममध्ये उघडण्याचा, कारण त्यांचे पॅन, जीएसटी आणि बँकेचे कागद तिच्याकडेच येतात. आता तिला दुसऱ्या प्लँटची खरेदीबिलं नोंदवायची आहेत. सॅपमध्ये ते काम MIRO या स्क्रीनवर होतं. खरेदीची ऑर्डर, स्टोअरने घेतलेली मालाची आवक आणि पुरवठादाराचं बिल तिथे एकमेकांशी पडताळलं जातं.

तिने MIRO टाइप केलं आणि परवानगी नसल्याचा संदेश आला. त्याच क्षणी, दुसरं काही न उघडता, SU53 टाइप करायचं. सिस्टिमने शेवटचा नकार कुठे दिला ते तिथे दिसतं. पहिल्यांदा तिथे S_TCODE दिसेल, म्हणजे स्क्रीन उघडण्याचीच परवानगी नाही. नुसता हा स्क्रीनशॉट पाठवला तर आयटी तेवढंच देतं. मग स्क्रीन उघडते, पण बिल नोंदवताना पुन्हा अडतं, आणि या खेपेला SU53 मध्ये M_RECH_WRK येतं, म्हणजे त्या प्लँटचं बिल नोंदवण्याची परवानगी नाही. आधीचा अडथळा सुटल्याशिवाय पुढचा SU53 मध्ये दिसत नाही. पत्रात प्लँट आणि काम आधीच लिहिलं नाही, तर एकाच कामासाठी तीन-तीनदा विनंत्या जातात.

त्या दिवसांत बिलं थांबत नाहीत, आणि इथेच खरा घोळ होतो. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणते, ‘माझ्या लॉगिनवरून टाक.’ काम होतं, पण प्रत्येक नोंदीवर सहकारीचं नाव उमटतं. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. उधारीच्या लॉगिनने ती नोंद राहते खरी, पण चुकीच्या माणसाच्या नावावर. उद्या एखाद्या बिलात गडबड निघाली तर उत्तर भलत्याच व्यक्तीला द्यावं लागेल. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

आयटी प्रमुखाला पटायला हवी ती निकड. ‘कामाचा ताण आहे’ हे सगळेच लिहितात, त्यावरून काहीच कळत नाही. त्यापेक्षा किती बिलं पडून आहेत आणि उशिराने काय होतं ते लिहावं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. बिल नोंदवलंच गेलं नाही तर ते पैसे द्यायच्या यादीतच येत नाही, दिवस मात्र मोजले जात राहतात.

आता पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग. पुरवठादार उघडणं आणि त्याचं बिल नोंदवणं ही दोन कामं एकाच हातात आली, तर नसलेला पुरवठादार उभा करून त्याचं बिल लावण्याची वाट मोकळी होते. मालाच्या बिलाला स्टोअरच्या आवकेची आडकाठी असते. सेवेच्या, दुरुस्तीच्या बिलांना ती अनेकदा सैल असते. इथे प्रश्न त्या मुलीच्या प्रामाणिकपणाचा नाही. प्रामाणिक माणसावरही संशय येऊ नये, म्हणून ही कामं वेगळी ठेवतात. ऑडिटर दोन रोलची ही जोडी शोधतातच. म्हणून नवा रोल मागताना जुना सोडायचा, आणि तेही त्याच पत्रात.

असं पत्र साधारण पुढीलप्रमाणे होईल :

प्रति,
माहिती तंत्रज्ञान विभागप्रमुख
विषय : अकाउंट्स एक्झिक्युटिव्हसाठी बिलनोंदणीचा जादा रोल मिळणेबाबत

महोदय,
आमच्या विभागात नव्याने रुजू झालेल्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह यांच्याकडे प्लँट २ ची खरेदीबिले नोंदवण्याचे काम सोपवले आहे. त्यासाठी MIRO वर फक्त प्लँट २ ची बिले नोंदवण्याची, तसेच त्या प्लँटच्या खरेदी ऑर्डर व मालाची आवक पाहण्याची परवानगी मिळावी.

सध्या हे काम एकाच व्यक्तीकडे आहे. आजमितीस १४० बिले प्रलंबित असून त्यांपैकी ३५ लघु पुरवठादारांची आहेत. त्यांची ४५ दिवसांची मुदत पुढील पंधरवड्यात संपत आहे.

त्यांच्याकडील नवीन पुरवठादार उघडण्याचा रोल, हा रोल देतानाच काढून घ्यावा. ते काम यापुढे प्लँट १ च्या मास्टर डेटा कर्मचाऱ्याकडे राहील. पेमेंट करण्याची अथवा दरफरकामुळे अडकलेली बिले मोकळी करण्याची परवानगी आम्ही मागत नाही.

परवानगी ३१ मार्चपर्यंत द्यावी. त्यापूर्वी आढावा घेऊन मुदतवाढ कळवू. SU53 चे स्क्रीनशॉट व कामवाटपाचा आदेश सोबत जोडला आहे.

आपली,
अकाउंट्स विभागप्रमुख

पत्रावर सही विभागप्रमुखाची आहे, त्या मुलीची नाही. हे काम तिच्याकडे असावं की नाही, हे अकाउंट्सने ठरवायचं. आयटीने ते सिस्टिममध्ये बसवायचं आणि जोडी जुळत नसेल तर थांबवायचं. ‘मागत नाही’ हे वाक्यही मुद्दाम घातलेलं आहे. ते नसेल तर तयार रोलपैकी जवळचा, म्हणजे बहुधा जास्त मोठा, रोल देऊन टाकला जातो. तारीख घालायची ती यासाठी की तिचं काम बदललं आणि सगळे विसरले, तरी रोल आपोआप बंद होईल.

रोल मिळाल्याची मेल आली की एकदा लॉगआउट करून परत आत यावं, कारण चालू असलेल्या सेशनमध्ये नवी परवानगी काही वेळा लागू होत नाही. मग विभागप्रमुखांनी शेजारी बसून तीन गोष्टी तपासाव्यात. प्लँट २ चं एक बिल नोंदवलं जातं का. प्लँट १ चं बिल टाकताना सिस्टिम अडवते का. आणि नवीन पुरवठादार उघडायला गेल्यावर आता नकार मिळतो का. पहिली गोष्ट सगळेच तपासतात. उरलेल्या दोन तपासल्याशिवाय विनंती बंद झाल्याची सही करू नये.