संगणकातला शर्ट आणि फळीवरचा शर्ट

संगणक म्हणतो, निळा शर्ट, ४० नंबर, तीन नग शिल्लक. फळीवर मात्र एकही नाही. कपड्यांच्या दुकानात हे नेहमीचं, आणि यात बारकोडचाही वाटा असतो. बारकोड सहसा मालाचा प्रकार सांगतो, नग ओळखत नाही. ४० नंबरच्या सगळ्या निळ्या शर्टांवर एकच कोड. गर्दीत कॅशियरने ४० आणि ४२ नंबरचे दोन शर्ट बिलात घेताना एकच लेबल दोनदा स्कॅन केलं, तर पैसे बरोबर येतात, पण दोन्ही साइजचा स्टॉक चुकतो. महिनाअखेरीपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

आरएफआयडी टॅगमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा क्रमांक असतो. बॅटरी नसते; रीडरच्या रेडिओलहरींवरच चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. घडी उलगडायला नको, लेबल शोधायला नको. डेकॅथलॉनमध्ये कपडे खोक्यात टाकताच बिल तयार होतं, ते यामुळेच. पण खरा फायदा बिलात नाही, मोजणीत आहे.

समजा, दुकानात दहा हजार नग आहेत आणि वर्षाला चाळीस हजार विकले जातात. बारकोडने मोजायचं तर चार माणसांची अख्खी रात्र जाते, म्हणून मोजणी वर्षातून एक-दोनदाच होते. हातातल्या आरएफआयडी रीडरने एकटा माणूस दोनेक तासांत फेरी मारतो. दर आठवड्याला मोजता येतं.

आता खर्च. बारकोडचं लेबल काही पैशांत पडतं. टॅगला पाच रुपये धरले तर वर्षाला दोन लाख, शिवाय रीडरचे दीडेक लाख. एका नगामागे तीनशे रुपये सुटत असतील, तर पहिल्या वर्षी सुमारे बाराशे नग जास्त विकले जायला हवेत, म्हणजे विक्रीच्या तीन टक्के. साइज न सापडल्याने गिऱ्हाइकं परत जात असतील तर हे जमण्यासारखं आहे. टॅग कारखान्यातच लागून आले तर उत्तम. दुकानात एकेक लावत बसलं की मजुरी वाढते.

अडचणी जागेवरच कळतात. लोखंडी रॅक लहरी परतवतात, जीन्सच्या घट्ट थप्पीत टॅग एकमेकांना चिकटले की काही गप्प बसतात. उलट, लाकडी पार्टिशनपलीकडच्या गोदामातला माल मात्र आगाऊपणे उत्तर देतो आणि ‘दुकानात’ मोजला जातो. म्हणून विकत घेण्याआधी एकच फळी हाताने मोजावी, मग रीडरने तीनदा. आकडा दर वेळी बदलला तर थप्पी सैल करून, कोन बदलून पाहावं. सतत जास्तच आला तर रीडरची शक्ती कमी करावी.

साड्यांच्या दुकानात साइजचा प्रश्नच नसतो, खऱ्या जरीचा धातू टॅगला नडतो आणि महागड्या साड्यांचे नग मोजकेच असतात. तिथे प्रत्येक साडीला वेगळा क्रमांक छापलेला बारकोड लावला की नग ओळखण्याचं काम काही पैशांतच होतं.